कलर मास्कमुळे पांढऱ्या केसांवर आलेल्या गुलाबी रंगाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘चॉकलेट ब्राउन’ कलर मास्कच्या वेष्टनावरील दिशाभूल करणारा मजकूर

महोदय,

मी दर सहा आठवड्यांनी घरीच केसांना तपकिरी डाय लावते आणि मधल्या काळात फिका पडलेला रंग सावरण्यासाठी कलर मास्क वापरते. आपला मास्क मी ऑनलाइन मागवला, कारण डब्यावर ‘पांढऱ्या केसांनाही तोच तपकिरी रंग’ असे ठळक छापले आहे. सूचनेप्रमाणे शाम्पू करून, ओलसर केसांना तो दहा मिनिटे लावून ठेवला आणि धुतला. केस वाळल्यावर पाहिले, तर लांबीवरचे केस सुरेख चॉकलेटी झाले होते. पण कानशिलांवर आणि भांगाच्या रेषेत डाय लावल्यानंतर उगवलेले पांढरे केस चक्क गुलाबी-तांबूस दिसत होते.

मला कारण कळते, म्हणूनच राग अधिक आहे. अशा मास्कमध्ये पेरॉक्साइड नसते. तयार रंगद्रव्ये केसाच्या बाहेरच्या थरावर आणि फार तर त्याच्या लगत बसतात. तपकिरी छटा लाल, पिवळ्या आणि निळ्या द्रव्यांच्या मिश्रणातून साधलेली असते. आपल्या डब्यावरील घटकांच्या यादीत बेसिक रेड ५१ आणि बेसिक ब्लू ९९ दोन्ही आहेत. आधी डाय केलेल्या, सच्छिद्र केसांवर खाली जुना तपकिरी रंग असल्याने हे मिश्रण जुळून येते. पांढऱ्या केसाखाली मात्र तसा आधार काहीच नसतो, त्यामुळे निळा भाग थोडा जरी कमी बसला किंवा आधी निघून गेला, तरी लाल उघडा पडतो.

खात्री करण्यासाठी मी कंगव्यात अडकलेले पांढरे केस दोऱ्याने बांधून दोन बटा केल्या आणि एकीवर पाच, दुसरीवर दहा मिनिटे मास्क ठेवला. दोन्ही वाळल्यावर तांबूस तपकिरी दिसल्या, पण दोनदा शाम्पू केल्यावर दोन्हींवर गुलाबीच उरला. दहा मिनिटांच्या बटेवर तो अधिक गडद होता. म्हणजे वेळ कमी केल्यानेही हा दोष जात नाही. आधी एका बटेवर वापरून पाहा, एवढी एक ओळ डब्यावर असती, तरी मला लग्नकार्यात भांगावर पदर ओढून बसावे लागले नसते.

आपल्या मास्कची गुणवत्ता मी सरसकट नाकारत नाही. डाय केलेल्या केसांवर तो खरोखर चांगला चालतो. म्हणूनच तो केवळ तेवढ्यासाठी आहे, असे वेष्टनावर स्पष्ट लिहावे, पांढऱ्या केसांबाबतचा दावा काढावा आणि बटेवरील चाचणीची सूचना ठळकपणे छापावी. माझी पूर्ण रक्कमही परत करावी. पावती, डब्याचे व दोन्ही बटांचे छायाचित्र सोबत जोडले आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, पुणे