खाज गेली म्हणजे नायटा गेला असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की आमच्या हर्णैत घराघरात नायट्याची खाज सुरू होते, पण लाजेपायी कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

माझा दादा बोटीवर जातो. ऑगस्टमध्ये बंदी उठली की दिवसभर ओली हाफपँट अंगावर, त्यात गेल्या वर्षी जांघेत गोल चट्टा आला, कडेला लाल आणि मधे साफ. मेडिकलमधून ट्यूब आणली, तीन दिवसांत खाज गायब, ट्यूब बंद केली की आठवड्यात दुप्पट. असं चार महिने चाललं आणि शेवटी ती गोल कडच दिसेना, नुसता लालसर पसारा मांडीपर्यंत, आणि त्यात कातडी पातळ होऊन पट्टे उमटले ते आजही तसेच आहेत.

रत्नागिरीच्या स्किनच्या डॉक्टरांनी आधी ट्यूब वाचली. बुरशीच्या औषधासोबत त्यात क्लोबेटासॉल होतं, म्हणजे जोरदार स्टिरॉइड. ते खाज आणि लाली दाबतं पण आत बुरशी मोकाट पसरते. तुमच्या ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन असं काही असेल तर नायट्याला ती लावू नका हो. बंद केल्यावर काही दिवस खाज उसळते, तेव्हाच माणूस घाबरून परत तीच लावतो, दादाने पण तेच केलेलं.

मग डॉक्टरांनी चट्ट्याच्या कडेची साल ब्लेडने हलकेच खरवडून काचेवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली पाहिली, बुरशीच्या तारा दिसल्या. ही तपासणी करायलाच हवी, कारण जांघेतला प्रत्येक लाल चट्टा नायटा नसतो. आणि हल्ली टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे बरीच आहे म्हणे, म्हणून दादाला इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्या. त्या भरपेट जेवणानंतरच घ्यायच्या आणि अॅसिडिटीच्या गोळीसोबत नाही, नाहीतर अंगात नीट भिनत नाहीत. लिव्हर किंवा हार्टचा त्रास असेल, दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, स्वतःहून तर अजिबात सुरू करायच्या नाहीत. सोबत बुरशीवरचं साधं मलम, ते चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लावायचं.

दहा दिवसांत खाज थांबली पण कॅप्सूल दोन महिने चालल्या, चट्टा पूर्ण गेल्यावरही दोन आठवडे.

तरी नायटा परत आला असता, कारण वहिनीच्या कमरेला परकराची नाडी बसते तिथे तसाच चट्टा निघाला, ती बिचारी वर्षभर गप्प होती. मग दोघांना एकदमच औषध, टॉवेल वेगळे, आतले कपडे चुलीवरच्या कढत पाण्यात भिजवून धुवायचे, आणि पावसात वळचणीखाली कपडे वाळतच नाहीत म्हणून वहिनी शिवणीवरून गरम इस्त्री फिरवते, ओलसर चड्डी दादाला घालूच देत नाही.

मेडिकलवाल्यांना हात जोडून विनंती, चिठ्ठी नसेल तर स्टिरॉइडची ट्यूब देऊ नका.

आपला,
एक वाचक, हर्णै, ता. दापोली