ऑफर लेटरमधलं पाचवं कलम

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं ऑफर लेटर मी आणि बाबांनी काल रात्री वाचलं. पगार ठीक आहे, चाकणला जायला कंपनीची बसही आहे. पण तू फोनवर म्हणालीस, "आई, सहा महिने प्रोबेशन आहे, मग कन्फर्म," तेवढ्यावर थांबू नकोस. सही करायच्या आधी पाचवं कलम पुन्हा एकदा सावकाश वाच. मी इतकी वर्षं कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काढली आणि प्रोबेशनवरून होणारी बहुतेक भांडणं याच कलमातून उभी राहिलेली पाहिली.

त्यात पहिलं वाक्य सहा महिन्यांचं आहे. ते सगळेच वाचतात. महत्त्वाचं आहे ते त्याच्या पुढचं. कंपनीला योग्य वाटल्यास हा काळ वाढवता येईल आणि लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत तू प्रोबेशनवरच राहशील, असं तिथे लिहिलंय. किती वाढवता येईल ते मात्र कुठेच नाही. म्हणजे तू १ जुलैला रुजू झालीस, तर ३१ डिसेंबरला सहा महिने पूर्ण होतील, पण १ जानेवारीला आपोआप काहीच बदलणार नाही. पत्र आलं नाही, तर मार्चमध्येही तू प्रोबेशनवरच आणि जूनमध्येही.

आमच्याकडे स्टोअर्समध्ये एक मुलगा होता. सहा महिने झाले, कुणी काही बोललं नाही, पगार वेळेवर येत राहिला. तो कायम झालोच असं धरून चालला होता आणि त्याच भरवशावर त्याने गाडीचं कर्जही काढलं. आठव्या महिन्यात त्याला दोन ओळींचं पत्र मिळालं: आपल्या सेवेची आवश्यकता नाही, पंधरा दिवसांचा पगार घ्यावा. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, सहा महिने कधीच संपलेत, मला दोन महिन्यांची नोटीस लागते." मी त्याचंच अपॉइंटमेंट लेटर काढून त्याच्यापुढे ठेवलं. 'लेखी' हा शब्द त्यात होता. त्यापुढे आमच्या दोघांकडेही बोलायला काही उरलं नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, १९६८ चा, पंजाबातल्या शिक्षकांचा. त्यांच्या नियमात प्रोबेशन वाढवून वाढवून जास्तीत जास्त तीन वर्षं करता येत होतं. तीन वर्षं उलटल्यावरही त्यांना कामावर ठेवलं आणि नंतर प्रोबेशनर म्हणून काढलं. न्यायालयाने सांगितलं, कमाल मर्यादा संपल्यावरही कामावर ठेवलंत, म्हणजे ते कायम झालेच. खटला सरकारी नोकरीचा होता, पण त्यातली मेख तुझ्या कामाची आहे. मर्यादा लिहिलेली होती म्हणून ते शिक्षक वाचले. मर्यादा नसेल आणि वर 'लेखी कन्फर्मेशन' असेल, तर नुसते महिने उलटल्याने माणूस कायम होत नाही.

म्हणून एचआरला मेल कर आणि एवढंच माग: प्रोबेशन वाढवायचं असेल तर एकदाच, जास्तीत जास्त तीन महिने आणि कारण लेखी देऊन. त्या मुदतीत पत्र आलं नाही, तर कन्फर्म झाल्याचं धरलं जावं. "आमचा फॉरमॅट ठरलेला आहे" असं उत्तर येईल. तरी माग. ते 'कन्फर्म धरण्या'चं वाक्य घालायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत, पण वाढीव काळाची मर्यादा बऱ्याचदा मान्य करतात, आणि तेवढी मिळाली तरी बरंच झालं.

आता नोटीस. प्रोबेशनमध्ये कंपनी तुला पंधरा दिवसांची नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचं बेसिक देऊन काढू शकते. तुला सोडायचं असेल तर मात्र साठ दिवस, नाहीतर तेवढ्या दिवसांचा ग्रॉस पगार भरायचा. तुझं ग्रॉस ४२,००० आणि बेसिक २१,००० आहे. उद्या त्यांनी तुला तडकाफडकी काढलं, तर तुझ्या हातात येणार १०,५००. तू तडकाफडकी सोडलीस, तर तुझ्याकडून मागणार ८४,०००. एकाच कलमात एवढा फरक आहे, मुग्धा, आणि तो 'बेसिक' आणि 'ग्रॉस' या दोन शब्दांत लपलाय. प्रोबेशनपुरती दोन्ही बाजूंना सारखीच नोटीस आणि दोन्हीकडे बेसिक, हे मागायला अजिबात संकोच करू नकोस. कन्फर्म झाल्यावर साठ दिवस असू देत.

कंपनी तुला जबरदस्तीने कामावर ठेवून घेऊ शकत नाही. ती पैसे मागू शकते. पण रिलीव्हिंग लेटर अडकवून ठेवतात आणि पुढची कंपनी तेच आधी मागते, म्हणून हा आकडा आत्ताच ठरलेला बरा.

काढण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घे. काम समाधानकारक नाही म्हणून कराराप्रमाणे नोटीस देऊन प्रोबेशनरला काढणं ही शिक्षा धरली जात नाही, त्यासाठी चौकशी लागत नाही. पण पत्रात चोरी, अफरातफर, गैरवर्तन असा ठपका ठेवला असेल, तर ते साधं काढणं राहत नाही. सरकारी नोकरांच्या खटल्यांतून हे तत्त्व पक्कं झालंय आणि कामगार न्यायालयंही पत्राच्या साध्या भाषेमागे खरं कारण काय, ते बघू शकतात. मात्र ही वाट 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते. तुझं पद 'असिस्टंट मॅनेजर' लिहिलंय, पण तुझ्या हाताखाली कुणी नाही आणि दिवसभर तू स्वतः गेज लावून पार्ट तपासणार आहेस. न्यायालय पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. म्हणून रोजच्या कामाचे मेल आणि रिपोर्ट जपून ठेव. खरोखरच्या मॅनेजरला मात्र बहुतेक वेळा नोटिशीच्या पगाराएवढीच भरपाई मिळते, नोकरी परत मिळत नाही.

हिशेबाची एक सोय नवीन आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे, काढलं किंवा राजीनामा दिला तरी देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' असं कुणी म्हणालं तर हे दाखव.

एचआरने मेलवर हो म्हटलं की काम झालं, असं मात्र समजू नकोस. रुजू होण्याच्या दिवशी अपॉइंटमेंट लेटर देतील. त्यात शेवटी बहुधा एक कलम असतं की या पत्राने आधीचा सगळा पत्रव्यवहार रद्द होतो. मग तुझ्या मेलला फारसं वजन उरत नाही. त्यामुळे मान्य झालेला बदल त्या पत्रातच आलाय का, हे सहीच्या आधी बघ, आणि ते पत्र एक दिवस आधी मेलवर मागून घे.

आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कुणी विचारायची वाट न बघता, तुझ्या साहेबांना आणि एचआरला मेल टाक: "माझा प्रोबेशनचा काळ ३१ डिसेंबरला पूर्ण होत आहे, माझ्या कामाचा आढावा घेऊन निर्णय लेखी कळवावा." मधे बिनपगारी रजा घेतली असशील, तर ते दिवस काही कंपन्या प्रोबेशनमध्ये मोजत नाहीत. तेव्हा तारीख एचआरकडून आधी पक्की करून घे.

एचआरच्या मेलचा मसुदा बाबांनी टाइप करायला घेतलाय, रात्री पाठवतील. तुला पटेल तसा बदल कर, पण शुक्रवारच्या आत पाठव, कारण ऑफरची मुदत सोमवारी संपते.

तुझी
आई