आईची पोत आधी की कार्ड आधी?

मस्कत

चि. प्रकाश,
अनेक आशीर्वाद.

कर्जं लिहिलेल्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला. क्रेडिट कार्डाचे ६०,००० (महिना साडेतीन टक्के), सुनीताच्या बचत गटाचे १२,००० (दोन टक्के) आणि आईची सोन्याची पोत गहाण ठेवून काढलेले ३०,००० (एक टक्का). महिन्याला तू १२,००० बाजूला काढणार. काल ड्युटीवरून आल्यावर मी याची महिनावार मांडणी केली.

तू म्हणतोस तसं लहान कर्ज आधी, मग त्याहून मोठं, याला स्नोबॉल म्हणतात. कार्डाला दरमहा ३,००० आणि पोतीला १,००० देऊन उरलेलं सगळं गटाला द्यायचं. दुसऱ्या महिन्यात गट फिटतो, पाचव्यात पोत घरी येते. पण तोवर कार्डाला दिलेल्या ३,००० मधले दोन हजार नुसतं व्याजच खातं. पाच महिन्यांनीही कार्डावर साडेत्रेपन्न हजार उरतात. दहा महिन्यांत एकूण व्याज १७,२८२.

दुसरी पद्धत अ‍ॅव्हलांच, म्हणजे महाग कर्ज आधी. गट आणि पोत यांना हजार-हजार, कार्डाला १०,०००. दहाव्या महिन्यातच सगळं फिटतं, पण व्याज १२,४३६. सरळ ४,८४६ वाचतात. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो मी धरलेलाच नाही. धरला तर फरक सहा हजारांच्या पुढं जातो. अडचण एवढीच, की सातव्या महिन्यापर्यंत एकही खातं बंद होत नाही.

गटाच्या बैठकीत सुनीताला मान खाली घालावी लागते, हे तू लिहिलंस ते मनाला लागलं. म्हणून तिसरी मांडणी केली: आधी गट, मग कार्ड, शेवटी पोत. व्याज १३,३९९. म्हणजे गट आधी फेडण्याची किंमत जेमतेम ९६३ रुपये. ती खुशाल मोज. महाग पडतं ते कार्डाच्या आधी पोत सोडवणं. त्यासाठी आणखी ३,८८३ जातात. आईला मी स्वतः फोन करून सांगतो.

दोन गोष्टी सांभाळ. कार्ड कपाटात ठेव. मागची बाकी असताना नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, मग किराणाही त्यावर नको. पुढच्या स्टेटमेंटमध्ये बाकी तू भरलेल्या रकमेपेक्षा फारच कमी उतरलेली दिसली, तर तेवढे पैसे व्याजात गेले असं समज.

दुसरं, सोनेतारणाची पावती काढून मुदत बघ. बरेचदा ती वर्षाचीच असते, आणि मुदत उलटली तर दागिना लिलावात जाऊ शकतो. दहा महिन्यांच्या आत संपत असेल तर नूतनीकरण होतं का आणि दरमहा हजार घेतात का, हे शाखेत जाऊन विचार. नाही म्हणाले तर ही मांडणी बदलावी लागेल. पावतीवरची तारीख मला आजच कळव.

तुझा,
दादा