लाल चौकोनात नसलेला इशारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा भाचीने टॉयलेट क्लीनरच्या लेबलचा फोटो पाठवला. ‘मावशी, हे हातावरचं चित्र कशाचं? आणि यात थोडं ब्लीच घातलं तर डाग लवकर निघेल ना?’ मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून असले फोटो माझ्याकडेच येतात.

फोटोत पत्त्यांतल्या चौकटसारखे लाल काठाचे दोन चौकोन होते. एकात दोन नळ्यांतून थेंब पडतात, खाली धातूची पट्टी आणि हात झिजताना दिसतो. म्हणजे आतला पदार्थ धातू खातो किंवा कातडी आणि डोळे जाळतो. दुसऱ्यातलं उद्गारचिन्ह म्हणजे जळजळ, खोकला असा त्रास. ब्लीचच्या बाटलीवर पुष्कळदा मेलेला मासा आणि वठलेलं झाडही असतं, ते पाण्यातल्या जिवांसाठी.

गोम अशी, की ही चित्रं त्या एका बाटलीपुरतंच बोलतात. दोन बाटल्या एकत्र केल्या तर काय होईल, याला चित्रच नाही! तो इशारा मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत असतो: ‘इतर उत्पादनांसोबत वापरू नये.’ भाचीच्या फोटोत नेमकी ती आणि घटकांची ओळ अंगठ्याखाली गेली होती. पुन्हा फोटो मागवला, तेव्हा हायड्रोक्लोरिक आम्ल दिसलं.

ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्याला आम्ल भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, म्हणून खाली साचतो आणि वाकून घासणाऱ्याच्या नाकाशी राहतो. बादलीत मुद्दाम मिसळायलाही नको. क्लीनर कडेखाली चिकटलेला असताना वरून ब्लीच ओतलं तरी तेच. म्हणून एका वेळी एकच बाटली. दुसरी वापरायचीच तर भरपूर पाण्याने धुऊन, शक्यतो दुसऱ्या दिवशी.

व्हिनेगरही आम्लच, ‘नैसर्गिक’ म्हणून ब्लीच त्याला सूट देत नाही. काचा पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो, त्याच्याशी ब्लीच मिसळलं तर क्लोरामाइन हा विषारी वायू होतो. स्पिरिट, सॅनिटायझरही ब्लीचपासून दूरच ठेवावं. ब्लीचला सोबती एकच, साधं गार पाणी.

चुकून मिसळलंच तर तरणतलावासारखा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते. त्या वेळी फ्लश करायला किंवा पुसायला थांबू नये. श्वास रोखून बाहेर पडावं, मोकळ्या हवेत जावं आणि इतरांनाही आत जाऊ देऊ नये. दम लागला किंवा छाती भरून आली तर लगेच डॉक्टर गाठावा, आणि दोन्ही लेबलांचे फोटो दाखवावेत. आधी बरं वाटून काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकतं, त्यामुळे तो दिवस एकटं राहू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका