काट्याच्या नोटिशीला दिलेलं उत्तर

सोलापूर
१८ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "नोटीस आली म्हणे, काय झालं?" तेव्हा कारखान्यात माणसं होती, नीट बोलता आलं नाही. तुझ्याही मसाल्याच्या युनिटमध्ये दोन काटे आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. वाचून झालं की आधी उठून तुझे काटे बघ.

४ तारखेला वैधमापन खात्याचे निरीक्षक आले. शेंगाचटणीचं पॅकिंग चालू होतं. टेबलावरच्या ६ किलोच्या काट्यावर त्यांनी पडताळणीची मुद्रा शोधली. शेवटचं मुद्रांकन गेल्या वर्षीच्या सप्टेंबरचं. इलेक्ट्रॉनिक काट्याला दर बारा महिन्यांनी फेरपडताळणी लागते, म्हणजे मुदत उलटून दोन महिने होत आले होते. ती चूक उघड होती, माझीच होती. सणाच्या गडबडीत राहून गेलं म्हणून ती कमी होत नाही.

नंतर ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तिथे ६० किलोचा प्लॅटफॉर्म काटा आहे. मी लगेच म्हणालो, "साहेब, याचं प्रमाणपत्र आहे," आणि भिंतीवरची फ्रेम काढून दिली. जानेवारीचं प्रमाणपत्र, पुढच्या जानेवारीपर्यंत मुदत. त्यांनी ते वाचलं, मग खाली बसून डिस्प्लेच्या डब्याची मागची बाजू बघितली. तिथे दोन स्क्रूंमधून ओवलेली तार आणि तिच्यावर दाबलेली शिशाची मोहोर असते. माझ्या काट्याला स्क्रू होते, तार नव्हती. एका भोकात तिचा नखाएवढा तुकडा अडकून राहिला होता.

आषाढात या काट्याचा लोडसेल, म्हणजे भार मोजणारा भाग, गेला होता. दुरुस्ती करणारा आला, तार कापून डबा उघडला, नवा सेल बसवला, काटा पुन्हा जुळवला आणि बिल घेऊन गेला. आकडे दिसायला लागले, मी कामाला लागलो. पण दत्ता, तार तुटली त्या क्षणी ते प्रमाणपत्र संपलं होतं. डब्याच्या आत जुळवणीचं बटण असतं. त्याला कुणी हात लावलेला नाही याची खूण म्हणजे ती मोहोर. दुरुस्तीनंतर काटा पुन्हा पडताळून, मुद्रा मारून घेतल्याशिवाय वापरायचाच नसतो. मी चार महिने वापरला, आणि रोज त्या फ्रेमकडे बघून निर्धास्त होतो.

मी त्यांना म्हणालो, "हा घरचा काटा आहे, यावर विक्री होत नाही." त्यांनी विचारलं, "मग काय मोजता?" मी म्हणालो, बायका शेंगदाणे निवडून आणतात, ते. "त्यांना पैसे कशावर देता?" किलोवर. त्यांनी शांतपणे सांगितलं की २००९ च्या कायद्यात व्यवहाराच्या व्याख्येत केलेल्या कामाची मोजणी आणि मजुरीची आकारणीही येते. ज्या वजनावर कुणाची मजुरी ठरते तो काटा घरचा नसतो. इतकी वर्षं धंदा करून मला हे माहीत नव्हतं.

मग त्यांनी २० किलोचं प्रमाणित वजन मागवलं. मधोमध ठेवलं, २०.००० आलं. मग एकेका कोपऱ्यावर. दोन कोपऱ्यांवर २०.०००, तिसऱ्यावर २०.०१०, आणि दाराकडच्या कोपऱ्यावर १९.९६०. या काट्यावरचा सगळ्यात लहान भाग १० ग्रॅमचा. २० किलोला पडताळणीच्या वेळी १० ग्रॅम आणि वापरात असताना २० ग्रॅमपर्यंत फरक चालतो. माझा ४० ग्रॅमने हलका होता. कारण मला नंतर सापडलं. प्लॅटफॉर्मखाली प्रत्येक कोपऱ्याला एक बोल्ट असतो, जास्त वजन पडलं तर सेल वाचावा म्हणून. त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये थोडी फट लागते. सेल बदलताना दाराकडच्या कोपऱ्यातली फट फारच कमी राहिली होती, त्यामुळे तिथे ठेवलेल्या वजनाचा काही भार सेलवर न जाता बोल्टवर जात होता. मी फटीतून कागदाची पट्टी सरकवून बघितली. तीन ठिकाणी आरपार गेली, दाराकडच्या कोपऱ्यावर मात्र वजन ठेवताच अडकली. मधोमध वजन ठेवून बघणाऱ्याला हा दोष कधीच दिसला नसता, आणि मी नेहमी मधोमधच बघायचो. बायका मात्र दारातून येतात आणि पोतं दाराकडच्या बाजूलाच टेकवतात.

सात दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. पहिला मसुदा ओळखीच्या एकाने करून दिला. त्यात होतं, "काटे अचूक असून मुद्रांकन अनवधानाने राहिले." मी तो बाजूला ठेवला. एक तर प्लॅटफॉर्म काटा अचूक नव्हता. आणि पॅकिंगचा काटा बरोबर दाखवत होता तरी नोटीस मुद्रांकनाची होती, अचूकपणाची नव्हे. रात्री बसून स्वतः लिहिलं. मुख्य भाग तुझ्यासाठी उतरवतो:

"महोदय, आपल्या नोटिशीतील दोन्ही बाबी मला मान्य आहेत. ६ किलो क्षमतेच्या काट्याची फेरपडताळणी मुदतीत करून घेतली नाही. ६० किलो क्षमतेच्या काट्याची मोहोर जुलैमधील दुरुस्तीत तोडली गेली व त्यानंतर पडताळणी न करता तो मजुरीच्या मोजणीसाठी वापरला. दोन्ही काटे आपल्या भेटीच्या दिवसापासून वापरातून काढून वेगळे ठेवले आहेत. प्लॅटफॉर्म काट्यातील कोपऱ्याचा दोष परवानाधारक दुरुस्तीकाराकडून दूर करून दोन्ही काटे १७ तारखेला पडताळणीसाठी सादर करीत आहे. जुनी प्रमाणपत्रे व जुलैमधील दुरुस्तीचे बिल सोबत जोडले आहे. नियमानुसार तडजोड शुल्क भरण्यास मी तयार आहे."

प्रत्येक काट्याची कंपनी, क्षमता आणि अनुक्रमांक वर तक्त्यात दिला. तू कधी लिहिलंस तर हे विसरू नकोस, नाहीतर कोणता काटा दुरुस्त झाला हेच कागदावर राहत नाही. "लवकरात लवकर" असं कुठेही लिहिलं नाही, तारीख लिहिली. तारीख लिहिण्याआधी दुरुस्तीवाल्याची वेळ पक्की केली, कारण दिलेली तारीख चुकली असती तर उरलेल्या पत्राला काय अर्थ होता?

शेवटी एक वाक्य टाकायचं की नाही यावर फार विचार केला. सुमनने विचारलं, "मागितलेलं नाही, तर लिहायचं कशाला?" पण लिहिलं: "या काळात निवडणी करणाऱ्या महिलांच्या मजुरीत आलेला फरक मी भरून देत आहे." हिशेब असा. रोज २० किलो, किलोला ५ रुपये, म्हणजे दिवसाला १०० रुपये. २० किलोला ४० ग्रॅम म्हणजे दिवसाचे २० पैसे. कामाचे ९० दिवस धरले तर एकीचे १८ रुपये. प्रत्येक पोतं त्याच कोपऱ्यावर पडलं असेल असं नाही, पण मी तसंच धरलं. अकराजणींना सगळं सांगून पैसे दिले. शांताबाई, जी सगळ्यात जुनी, ती पैसे हातात धरून म्हणाली, "मला वाटायचं आमचं दाणंच हलकं." दत्ता, ते ऐकून मान वर करवेना. ती चार महिने स्वतःच्या कामाला दोष देत होती.

मधल्या दिवसांत पॅकिंग बंद ठेवलं आणि बायकांची पोती शेजारच्या डाळ मिलच्या मुद्रांकित काट्यावर मोजून घेतली. मिलवाल्यांनी एक शब्दही न विचारता जागा दिली. काल दोन्ही काटे पडताळून झाले. चारही कोपऱ्यांवर २०.०००. नवी तार ओवली, मोहोर दाबली, ते मी उभं राहून बघितलं. तडजोडीच्या रकमेचा कागद अजून यायचा आहे.

आता तुझं. तुझ्या मोठ्या काट्याचा डिस्प्ले तू दिवाळीआधी दुरुस्त करून घेतलास, मला आठवतंय. मागे हात घालून तार आहे का बघ. नसेल तर आजच वापर थांबव आणि मला फोन कर, दुरुस्तीवाल्याला घेऊन मी रविवारी बार्शीला येतो. गड्ड्याची यात्रा तोंडावर आहे, पण एक दिवस निघेल.

वहिनींना आणि काकांना नमस्कार सांग.

तुझा,
महादेव