हसू कुठे ठेवायचं: तुझ्या कवितेच्या निमित्ताने

प्रिय मित्रा,

वडिलांवरची तुझी कविता वाचली, मग मोठ्याने म्हणून पाहिली. दहाव्याच्या घाटावरचे दोन्ही विनोद काढून टाकावेत का, असं तू विचारलं आहेस. एक राहू दे, एक काढ. का, ते तुकोबांच्या एका अभंगाच्या आधाराने सांगतो. दुःखात हसू ठेवायचं काम याहून नेटकं झालेलं मी तरी वाचलेलं नाही.

१६३० च्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, गुरंढोरं गेली, पहिली बायको गेली. हे त्यांनी एका अभंगात सरळ सांगितलं आहे: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. त्यात उपरोधाचा लवलेश नाही. पण त्याच दिवसांबद्दल ते दुसरीकडे म्हणतात:

बरें जालें देवा निघालें दिवाळें ।
बरी या दुष्काळें पीडा केली ॥

दिवाळं निघालं, बरं झालं. पुढे ‘बरें जालें देवा बाइल कर्कशा । बरी हे दुर्दशा जनामध्यें’. इथे ऐकणारा हसतोच. कजाग बायको आणि गरीब बिचारा नवरा ही चावडीवरची जुनी थट्टा, तीच त्यांनी उचलली आहे. मग अपमान, मग ‘बरें गेलें धन ढोरें गुरें’. पहिल्या चारही कडव्यांत ‘बरें’, ‘बरी’ किंवा ‘बरा’ असं दोनदा येतं आणि आपल्याला त्या ठेक्याची सवय होते.

आता पाचवं कडवं बघ: ‘बरें जालें तुझें केलें देवाईल । लेंकरें बाईल उपेक्षिलीं’. इथे ‘बरें’ एकदाच आहे. दुसऱ्या अर्ध्यात, जिथे कान त्याची वाट पाहतो, तिथे पोरंबाळं आणि बायको उभी आहेत, उपेक्षिलेली. जिच्यावर आपण मघाशी हसलो तीच ही बाईल. आता दोष तिच्याकडून उठून बोलणाऱ्याच्या माथी आला आहे. थट्टा त्यांनी मागे घेतली नाही, तिची किंमत स्वतः चुकवली. हसलो नसतो, तर ही ओळ एवढी लागली नसती.

ध्रुपदाचंही पाहा: ‘अनुतापें तुझें राहिलें चिंतन । जाला हा वमन संवसार’. त्यात एकही ‘बरें’ नाही. गाताना कडव्यामागून कडवं वाकडं बोलतं आणि दर वेळी ध्रुपद सरळ बोलून जातं. त्यामुळे हा माणूस देवाला टोमणा मारतोय की खरंच ‘बरं झालं’ म्हणतोय, याचा निवाडा करायची गरज उरत नाही. दोन्ही खरं आहे. नुसतीच ‘बरें’ची माळ असती तर पाचव्या कडव्यापर्यंत ती कोरडी झाली असती. उपरोधाची ओळ लांबली की ती सवय बनते, आणि वाचकाला भावना बोलणाऱ्याची न वाटता शब्दांची करामत वाटू लागते.

आता तुझी कविता. पिंडाला कावळा शिवत नाही, मंडळी एकेक वचन देतात, ‘घर रंगवू’, ‘बहिणीचं बघू’, आणि शेवटी तू म्हणतोस, ‘तुमची स्कूटर विकणार नाही’, तेव्हा कावळा उतरतो. हा विनोद राहू दे. तो वडिलांच्या स्वभावातून आला आहे आणि त्याचा बोजा तुझ्यावर पडतो: ती स्कूटर आता तुला सांभाळावी लागणार. पण त्याच्या पाठोपाठ ‘हसता हसता डोळे भरून आले’ लिहिलं आहेस, ते काढ. कावळा उतरल्यावर वाचकाला जे व्हायचं ते झालेलं असतं. त्या जागी एक सरळ, बिनविनोदाची ओळ हवी. तीन पानांपूर्वीची ‘घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या’ ही तुझीच ओळ इथे आण. ती ध्रुपदासारखी काम करेल.

दुसरा विनोद गुरुजींच्या ‘मोक्षाच्या रेटकार्डा’चा. तो चुरचुरीत आहे, पण तो बापाचा मुलगा बोलत नाही, दुरून बघणारा कोणी तरी बोलतो. तो हलवला तरी कवितेतलं काही हलत नाही, यावरूनच तो परका आहे हे कळतं. स्कूटरची ओळ काढून बघ, पुढची सगळी कडवी मोडतात.

अजून एक शंका आहे. ‘बहिणीचं बघू’ हे वचन कवितेत पुढे कुठेच येत नाही. तुकोबांची बाईल दुसऱ्यांदा येते, तशी ती बहीण शेवटाकडे एकदा यायला हवी, आणि तेव्हा कोणी हसता कामा नये. ते कडवं लिहिलंस की नवा खर्डा पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच