विषय : 'प्रीहीट झाला' असं खोटं सांगणारा तुमचा ओव्हन आणि तुमची ग्राहक सेवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी सव्वीस मिनिटं बोललो आणि फोन ठेवतानाच ठरवलं की यापुढे फोन नाही, जे काय ते लेखी. आधीच्या दोन तक्रारी तुमच्याकडे 'समाधान झाल्याने बंद' अशा नोंदल्या गेल्या आहेत. समाधान नेमकं कुणाचं झालं तेवढं कळवा, म्हणजे मी त्यांचं अभिनंदन करेन.

तक्रार साधी आहे. ओव्हन 200 अंशांवर लावला की आठव्या मिनिटाला बीप वाजतो, हिरवा दिवा लागतो, पडद्यावर ऐटीत 200 झळकतं. त्या क्षणी ओव्हनच्या मधोमध, म्हणजे जिथे पदार्थ असतो तिथे, तापमान 150 च्या आसपास असतं. तुमच्या माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलंय, 'बीप वाजताच पदार्थ आत ठेवा.' मी दोन महिने इमानदारीत तेच केलं आणि दोन महिने उकडल्यासारख्या भाज्या खाल्ल्या.

150 हा आकडा माझ्या मनचा नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा तबकडीचा थर्मामीटर आणला आणि मधल्या जाळीवर मधोमध, काचेतून दिसेल असा ठेवला. दार एकदाही उघडलं नाही. आठव्या मिनिटाला बीप वाजला तेव्हा 150. पंधराव्या मिनिटाला 175. बाविसाव्या मिनिटाला 198. त्यानंतर रॉड बंद-चालू होत काटा 190 ते 215 मध्ये फिरत राहिला. ते मला मान्य आहे, घरगुती ओव्हन असाच चालतो आणि सरासरी 200 च्या जवळ येते. म्हणजे तुमचा थर्मोस्टॅट ठीक आहे. खोटं बोलतो तो बीप. एवढंच तुमच्या लोकांना मी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्यांनी 'थर्मोस्टॅट तपासणी' असं लिहून घेतलं.

तुमचा पहिला बचाव मला पाठ आहे: 'सर, तुमचा थर्मामीटर चुकीचा असेल.' म्हणून शेजाऱ्यांचा मागून आणला. दोन्हींत पाच अंशांचा फरक, पन्नासचा नाही. असल्या थर्मामीटरला स्वतः तापायला दोन-तीन मिनिटं लागतात हेही मला ठाऊक आहे. चौदा लागत नाहीत.

कारण तुम्हाला माहीत असणारच, ओव्हन तुम्हीच बनवलाय. सेन्सर मागच्या भिंतीवर वरच्या कोपऱ्यात, वरच्या रॉडपासून बोटभर अंतरावर बसवलाय. तिथली हवा सगळ्यात आधी तापते आणि सेन्सर खूश होऊन बीप वाजवतो. भिंती, तळ आणि जाळ्या तोवर कोमटच असतात. अशा वेळी दार उघडलं की तापलेली हवा भसकन तोंडावर येते आणि आत उरतो तो गार डबा. भिंती नीट तापलेल्या असल्या तर त्यांनी धरून ठेवलेली उष्णता दार लावल्यावर तापमान पटकन वर आणते. प्रीहीट करायचा तो त्यासाठी. दहा मिनिटं वाचवून 'झटपट प्रीहीट' असं खोक्यावर छापता यावं म्हणून नव्हे.

याचा परिणाम ताटात काय होतो तेही मोजून पाहिलं. बटाटा, गाजर आणि फ्लॉवर मिळून 700 ग्रॅम, अडीच सेंटिमीटरचे तुकडे, फडक्याने कोरडे केलेले, दोन चमचे तेल, मीठ. मोठ्या ट्रेमध्ये एकाच थरात, तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडून. ट्रे मधल्या जाळीवर. बीप वाजताच ठेवल्या तेव्हा पंधरा मिनिटांनी ट्रेमध्ये पाणी साचलं होतं, चाळीस मिनिटांनी गाजर मऊ पडलं होतं आणि बटाटा पांढराफटक. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भाज्या, तोच ट्रे, पण ओव्हन पंचवीस मिनिटं तापवला. भाज्या टाकताच ट्रेवर चुर्र आवाज आला, कारण रिकामा ट्रेही आतच तापत ठेवला होता. अठराव्या मिनिटाला उलथन्याने पलटल्या तेव्हा खालची बाजू तांबूस झाली होती आणि बत्तिसाव्या मिनिटाला कडा खरपूस. भाजीतून पाणी सुटणारच. ते सुटेल तसं उडून गेलं तर भाजी भाजते, साचलं तर शिजते. फरक तेवढाच, आणि तो तुमच्या बीपने ठरतो.

आता कालच्या फोनबद्दल. मी वरचं सगळं शांतपणे सांगितलं, आकड्यांसकट. पलीकडून बराच वेळ कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग प्रश्न आला, 'सर, घरात मॅडम आहेत का?'

मला वाटलं पत्ता पडताळायचा असेल. म्हटलं, 'आहे. का?'

'नाही, ओव्हन जे वापरतात त्यांच्याशी बोललो तर बरं पडेल.'

'ओव्हन मी वापरतो.'

'हो सर, पण रोजचा वापर…'

'रोजचाही मीच.'

पुन्हा टकटक. 'ओके सर. याआधी ओव्हन वापरलाय का?'

सांगितलं, एकोणीस वर्षं. हा तिसरा ओव्हन, पहिले दोन मुकाट काम करायचे. त्यावर तो गृहस्थ म्हणाला, आणि मी शब्द जसेच्या तसे लिहून ठेवलेत, 'सर, जुन्या ओव्हनची सवय असली की नवीन ओव्हन समजायला वेळ लागतो. मॅडमना एकदा माहितीपुस्तिका वाचायला द्या.'

मॅडम शेजारीच बसली होती. फोन स्पीकरवर होता. ती एवढंच म्हणाली, 'मला चहा येतो.' घरातला ओव्हन कुणाचा ते यावरून तुमच्या प्रतिनिधीला कळायला हरकत नव्हती. पण तो हसला, आणि मला म्हणाला, 'बघा सर, मॅडम किती शांत आहेत.' साहेब, मी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. त्या वाक्यानंतर बोललो.

हे सगळं होऊन मिळालेला तांत्रिक सल्ला काय, तर 'रंग येत नसेल तर 250 ला लावा आणि वरच्या रॅकवर ठेवा.' उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान शेळ्या दिसतात का ते पाहावं. हाच सल्ला मला दुसऱ्या फोनवरही मिळाला होता आणि तेव्हा मी मूर्खासारखा ऐकला. 1 किलो 400 ग्रॅमची अख्खी कोंबडी, वरची जाळी, 250 अंश. पंचवीस मिनिटांत छातीवरची कातडी काळीठिक्कर, घरभर धूर, आणि मांडीच्या सांध्याजवळ टोचणीचा थर्मामीटर घातला तर 58. कोंबडी आतून 74 अंशांना पोचल्याशिवाय खायची नसते, आणि ते मोजायचं मांडीच्या सगळ्यात जाड भागात, टोक हाडाला न टेकवता. हाडाला टेकलं की आकडा फसवतो. कातडीचा रंग पाहून आत काय चाललंय ते कळत नाही. आम्ही त्या रात्री पाव खाल्ला.

वरच्या जाळीवर रॉडचा थेट ताव बसतो. पदार्थ आधीच शिजलेला असेल आणि शेवटची पाच मिनिटं रंग आणायचा असेल तर ती जागा बरोबर. अख्खी कोंबडी उंच असते, म्हणून जाळी मधल्याच्या एक घर खाली लावायची, म्हणजे कोंबडी स्वतः ओव्हनच्या मधोमध येते. जाळी मध्यावर आली म्हणून पदार्थ मध्यावर येत नाही. त्याच वजनाची दुसरी कोंबडी मी अशी ठेवली, 200 अंश, पंचवीस मिनिटांचा खरा प्रीहीट, खालचे-वरचे दोन्ही रॉड चालू, पंखा बंद. सत्तर मिनिटांनी मांडीत 79, कातडी सोनेरी. बाहेर काढून पंधरा मिनिटं तशीच ठेवली आणि मगच कापली. तुमच्या ओव्हनमध्ये उत्तम कोंबडी होते हो. फक्त तुमचं ऐकायचं नाही.

आणि जाळीचं निघालंच आहे तर तुमच्या पुस्तिकेत पान 6 वर जाळ्या वरून मोजल्यात आणि पान 11 वर खालून. म्हणजे 'केक रॅक 2 वर ठेवा' याचा अर्थ पान पाहून ठरवायचा. छापण्याआधी हे कुणी वाचलं होतं का? मॅडमना द्यायचं होतं वाचायला.

तुमचा तंत्रज्ञ येऊन गेला, त्याचाही हिशेब राहू नये. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता. त्याने बीप होऊ दिला, दार उघडलं, हात आत धरला आणि म्हणाला, 'गरम आहे की, काका.' मी नाही कुठे म्हणतोय? 150 ला हात धरला तरी गरमच लागणार. त्याने सही घेतली, मी खाली 'तक्रार कायम' असं लिहिलं, आणि तरी ती बंद झाली. समाधान झाल्याने.

मला नवीन ओव्हन नको. बीप ओव्हनचं मधलं तापमान खरोखर पोचल्यावर वाजेल अशी दुरुस्ती हवी. ती जमत नसेल तर 'बीपनंतर आणखी पंधरा मिनिटं थांबा' असं लेखी द्या आणि पुस्तिकेत छापा, कारण माझ्यासारखे कितीजण स्वतःच्याच हाताला दोष देत पांढरे बटाटे खात असतील देव जाणे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर दोन्ही थर्मामीटर, काचेतून काढलेलं चित्रीकरण आणि तुमची ती पान 6 आणि पान 11 घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन. धमकी समजा हवी तर. एकाच कंपनीचे लागोपाठ तीन ओव्हन घेणारा माणूस असं लिहितो तेव्हा त्याला काय वाटत असेल याचा विचार तुमच्या जाहिरात विभागाने करावा, तक्रार विभागाकडून मी अपेक्षा सोडली आहे.

आपला,
(अजून तरी) ग्राहक

ता.क. तंत्रज्ञ पाठवणार असाल तर त्याने थर्मामीटर आणावा आणि चाळीस मिनिटं मोकळी ठेवून यावं. मागच्या वेळी तो अकरा मिनिटांत गेला, त्यातली आठ बीपची वाट पाहण्यात गेली.